फ्रेंच टोस्टची आच स्लाइसच्या जाडीवरून ठरवावी

प्रश्न: मी फ्रेंच टोस्ट केला की तो बाहेरून काळा पडतो आणि मधोमध कच्च्या अंड्यासारखा ओला राहतो. आच मोठी ठेवू की मंद? एक बाजू नेमकी किती मिनिटे भाजायची?

बाजारातल्या नेहमीच्या, साधारण सव्वा सेंटीमीटर जाडीच्या स्लाइससाठी आच मंद आणि मध्यम यांच्या मधोमध ठेवावी. पहिली बाजू अडीच ते तीन मिनिटे आणि दुसरी सुमारे दोन मिनिटे भाजावी. बेकरीतून अखंड पाव आणून घरी जाड स्लाइस कापत असाल, तर मात्र हेच आकडे तुम्हाला फसवतील, आणि तुमच्या वर्णनावरून मला तोच प्रकार घडत असावा असे वाटते.

अंडे आणि दूध यांचे मिश्रण साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होते, म्हणजे आतला भाग शिजायला फार मोठी उष्णता लागत नाही. तव्याला टेकलेल्या बाजूवर जोवर ओलावा असतो, तोवर तिचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. पण तिथले पाणी एकदा उडून गेले की ते झपाट्याने चढते, १४० अंशांच्या सुमारास खरपूस रंग येऊ लागतो आणि त्याहून बरेच वर गेले की करपणे सुरू होते. ओल्या पावातून उष्णता आत सरकते ती सावकाश, आणि आच वाढवल्याने तिचा वेग फारसा वाढत नाही. मोठ्या आचेने बाहेरची बाजू तेवढी लवकर काळी पडते आणि मधला भाग आपल्याच गतीने तापत राहतो. म्हणून मधला भाग ८० अंशांना पोहोचेल त्याच सुमारास बाहेरून सोनेरी तपकिरी रंग यावा, इतपतच आच ठेवायची असते. पातळ स्लाइस आतून लवकर शिजतो, त्यामुळे तिथे वेळ लागतो तो मुख्यतः रंग येण्यासाठी. जाडी दुप्पट झाली की आत उष्णता पोहोचायला दुपटीहून बराच जास्त वेळ लागतो, आणि म्हणूनच पातळ स्लाइससाठी योग्य असलेली आच जाड स्लाइसला करपवते.

मी स्वतः दोन ते अडीच सेंटीमीटर जाडीचे स्लाइस करतो, त्याची रीत सविस्तर सांगतो. चार स्लाइससाठी तीन अंडी, पाऊण कप म्हणजे सुमारे १८० मिलिलिटर दूध, चिमूटभर मीठ आणि फक्त दीड चहाचा चमचा साखर घेतो. अंडी आधी एकटीच फेटून घ्यावीत, पांढऱ्याच्या गुठळ्या राहू देऊ नयेत, कारण त्या पावावर वेगळ्या शिजून पांढरे डाग पडतात. साखर कमी ठेवण्यामागे कारण आहे. मिश्रणातली साखर तव्याला थेट लागते आणि पाव शिजण्याच्या आधीच काळी पडू लागते. गोड हवे असेल तर भाजून झाल्यावर वरून साखर किंवा मध घालावा, चव उलट अधिक उठून येते. पाव आदल्या दिवशीचा घ्यावा. फ्रेंच लोक या पदार्थाला ‘पाँ पेर्दु’, म्हणजे वाया गेलेला पाव, म्हणतात ते उगीच नाही: किंचित वाळलेला पाव मिश्रण नीट शोषतो आणि तरीही उचलताना तुटत नाही. जाड स्लाइस प्रत्येक बाजूने सुमारे एक मिनिट भिजवावा आणि उचलून पाच-सहा सेकंद धरून जास्तीचे मिश्रण निथळू द्यावे. बाजारातला ताजा, मऊ मिल्क ब्रेड असेल तर दहा सेकंद पुरेत. तो अधिक भिजला तर त्याचा लगदा होतो, आणि तो लगदा कितीही वेळ भाजला तरी मधे ओला लागतो. आतून कच्चा राहिल्याची तक्रार पुष्कळदा आचेची नसून या भिजवण्याची असते.

तवा जाड बुडाचा असावा. पातळ ॲल्युमिनियमच्या तव्यावर ज्योतीच्या वर्तुळाएवढा भाग फार तापतो आणि टोस्टवर त्याच आकाराचा काळा डाग उमटतो. बिडाचा तवा किंवा जाड नॉनस्टिक तवा मंद आचेवर तीन-चार मिनिटे तापू द्यावा. मग पाण्याचा एक थेंब टाकून पाहावे: तो चरचरून दोन-तीन सेकंदांत विरला तर तवा तयार आहे, आणि मण्यासारखा तव्यावर नाचू लागला तर तवा फार तापला आहे, तेव्हा गॅस बंद करून एखादे मिनिट थांबावे. भाजण्यासाठी मी साजूक तूप वापरतो. लोण्यात दुधाचे घन कण असतात आणि ते पाव शिजण्याच्या आधीच काळे पडतात. तुपात ते जवळजवळ नसल्यामुळे ते अधिक आच सोसते. लोण्याचीच चव हवी असेल तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याचा लहान तुकडा टोस्टच्या कडेला सोडावा.

आता जाड स्लाइस तव्यावर ठेवून गॅस मंद करावा आणि वर झाकण ठेवावे. झाकणाखाली वाफ कोंडते आणि वरच्या बाजूनेही उष्णता मिळते. जाड स्लाइसला ही मदत फार मोलाची आहे. चार मिनिटांनी कालथ्याने कड उचलून पाहावी. रंग सोनेरी असेल तर उलटावा, फिकट असेल तर अजून एक मिनिट द्यावे. दुसरी बाजू दोन मिनिटे झाकून आणि शेवटची एक-दीड मिनिट झाकण काढून भाजावी, नाहीतर वाफेने खरपूसपणा मऊ पडतो.

शिजला हे ओळखायला घड्याळापेक्षा टोस्टच अधिक विश्वासू आहे. आतले मिश्रण शिजले की स्लाइस मधोमध किंचित फुगतो. तिथे कालथ्याने हलके दाबले असता तो परत वर आला पाहिजे आणि कडेने पातळ द्रव बाहेर येता कामा नये. शंका असल्यास सुरीचे टोक मधोमध खुपसून पाहावे. ते ओलसर पण स्वच्छ निघाले तर झाले, दुधाळ थेंब लागला तर अजून एक मिनिट झाकून ठेवावे. बाहेरचा रंग आधीच पुरेसा आला असेल तर गॅस बंद करून झाकण तसेच ठेवावे, म्हणजे तव्यातल्या उरलेल्या उष्णतेवर आतला भाग पुरा होतो.

ब्रेड ऑम्लेटचा हिशेब निराळा आहे. तिथे अंड्यात दूध नसते आणि पाव भिजवलेला नसून नुसता वर ठेवलेला असतो, म्हणून मध्यम आचेवर खालचे अंडे दीड मिनिटात धरते आणि उलटल्यावर पाव शेकायला एक मिनिट पुरते. फ्रेंच टोस्टला ती आच लावू नये.

दुसऱ्या घाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. पहिला घाणा उत्तम झाला आणि त्याच वेळा मोजून केलेला तिसरा करपला, असे माझ्याकडे कित्येकदा झाले, तेव्हा कुठे कारण लक्षात आले: जाड तवा मधल्या काळात तापतच राहतो आणि सांडलेले मिश्रण त्यावर जळून पुढच्या स्लाइसला चिकटते. म्हणून प्रत्येक घाण्यानंतर तवा चिमट्यात धरलेल्या सुती फडक्याने पुसावा, आच थोडी कमी करावी, थेंबाची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि मगच नवे तूप सोडावे.