मिनिट्समध्ये निर्णय, जबाबदारी आणि मुदत चटकन सापडावी म्हणून

प्रश्न: "दर मंगळवारी आमच्या टीमची मीटिंग असते, मिनिट्स मी लिहिते. दोन-तीन पानं भरतात, काही सुटत नाही. पण महिन्याभरानं कुणी 'हे कधी ठरलं, करणार कोण होतं' असं विचारलं की मलाच सगळ्या फायली उघडून वाचत बसावं लागतं. मिनिट्सची रचना कशी ठेवावी?"

महिन्यानंतर मिनिट्स उघडणारा माणूस मीटिंग कशी रंगली ते वाचायला येत नाही. त्याला तीनपैकी एक गोष्ट हवी असते: अमुक विषयावर काय ठरलं, माझ्याकडे कोणती कामं आहेत, किंवा कुठलं काम रखडलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर निर्णयात असतं, उरलेल्या दोहोंचं कामांत. आता निर्णय आणि काम यांचं आयुष्य सारखं नसतं. काम झालं की संपलं. निर्णय मात्र दुसरा निर्णय त्याच्या जागी येईपर्यंत लागू राहतो. त्यामुळे रचनेतली पहिली गोष्ट म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं.

तयार टेम्प्लेटमध्ये बहुधा विषय, चर्चा, निर्णय, जबाबदारी, मुदत असा पाच रकान्यांचा एकच तक्ता असतो. दिसतो छान. पण एका निर्णयातून तीन कामं निघाली की तिघांची नावं एका चौकटीत, तिघांच्या तारखा शेजारच्या चौकटीत, आणि कोणती तारीख कुणाची ते लिहिणाऱ्यालाच आठवेनासं होतं. उलट 'सध्याचाच पुरवठादार ठेवायचा' अशा निर्णयातून काम काहीच निघत नाही. मग चौकटी रिकाम्या राहतात आणि वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी लिहायचं राहिलंय.

मी पानाचा क्रम असा ठेवतो. वर तारीख, हजर आणि गैरहजर. लगेच खाली निर्णय, त्याखाली कामं, मग 'ठरलं नाही' असा एक छोटा भाग, आणि चर्चा सगळ्यात शेवटी. चर्चा आधी लिहायची सवय आपल्याला वेळेच्या ओघानं लागते, कारण मीटिंगमध्ये ती आधी होते. वाचणाऱ्याला त्या ओघाशी देणंघेणं नसतं.

आता एक उदाहरण घेऊ. 10 जून 2025 ची मीटिंग, विषय जुनी वेबसाइट बंद करण्याचा. नावं मी मनानं घातली आहेत. नेहमीच्या पद्धतीचं टिपण असं दिसेल:

"जुन्या वेबसाइटबद्दल सविस्तर चर्चा झाली. स्वातीच्या मते ती अजून दोन महिने चालू ठेवावी, निखिलचं म्हणणं दोन ठिकाणी माहिती बदलत बसणं परवडत नाही. शेवटी महिनाअखेरीस बंद करावी असं ठरलं. त्याआधी नवीन साइटवरचे फॉर्म तपासून घ्यावेत, ते टेक्निकल टीम बघेल. ग्राहकांनाही कळवावं. खर्चाचं पुढच्या वेळी."

यात खोटं काही नाही, पण हातात धरण्यासारखंही फार काही नाही. हेच दुसऱ्या रचनेत:

निर्णय
नि-023: जुनी वेबसाइट 30 जून 2025 रोजी बंद करायची. अट: नवीन साइटवरचे सगळे फॉर्म चालत असल्याचं का-041 मध्ये दिसलं पाहिजे. एकही फॉर्म अडला तर तारीख पुढे ढकलायची की नाही ते निखिल ठरवेल.

कामं
का-041: नवीन साइटवरचा प्रत्येक फॉर्म भरून पाहणे, कोणते चालले आणि कोणते अडले याची यादी टीमला पाठवणे. समीर. 20 जून 2025. (नि-023)
का-042: साइट बंद होणार असल्याचा ईमेल ग्राहकांना पाठवणे. स्वाती. 23 जून 2025. (नि-023)

ठरलं नाही
नवीन साइटच्या देखभालीचा खर्च. निखिल 17 जूनच्या मीटिंगला आकडे आणेल (का-043).

चर्चा
जुनी साइट आणखी दोन महिने ठेवण्याचा पर्याय होता. तोपर्यंत माहिती दोन्हीकडे बदलावी लागेल म्हणून तो घेतला नाही.

(का-043 हेही कामांच्या यादीत येईल, इथे जागेसाठी गाळलंय.)

दोन्ही शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्यात ज्या गोष्टी आहेत त्यातल्या निम्म्या पहिल्या टिपणात नाहीतच. फॉर्म अडला तर काय करायचं, ईमेल कोण पाठवणार, 'टेक्निकल टीम' म्हणजे नक्की कोण? यातलं काहीच मीटिंगमध्ये ठरलेलं नव्हतं. आणि ते घरी बसून मिनिट्स लिहिताना भरता येत नाही, भरलंत तर तुम्ही तुमच्या अधिकारात निर्णय घेतल्यासारखं होईल. म्हणून ही रचना मीटिंग संपल्यावर वापरायची नसते. प्रत्येक विषय संपताना ओळ तिथल्या तिथे लिहा आणि मोठ्यानं वाचून दाखवा: "जुनी साइट 30 जूनला बंद, फॉर्म समीर तपासणार, 20 तारखेपर्यंत. बरोबर?" जे पोकळ आहे ते वाचताना कानाला लागतं. समीर तिथेच म्हणतो, 20 ला जमणार नाही. तीस सेकंदांचं काम आहे, पण ते नसेल तर पुढची सगळी मांडणी म्हणजे नुसती सजावट.

जबाबदारीच्या जागी एकच नाव घाला. दोन नावं असली की दोघंही समजतात दुसरा करतोय. विभागाचं नाव घातलं तर महिन्यानं विचारायचं कुणाला? काम पाच जणांनी मिळून करायचं असलं तरी त्याबद्दल उत्तर देणारा एक असतो, त्याचंच नाव येतं. जो मीटिंगला हजर नाही त्याच्या नावावर काम चढवू नका. त्याऐवजी हजर असलेल्या कुणाच्या तरी नावावर 'अमुकला विचारून होकार घेणे' हे काम लिहा, होकार आला की पुढचं काम त्याच्या नावावर.

कामाच्या वाक्यात 'बघणे', 'पाठपुरावा करणे', 'लक्ष देणे' अशी क्रियापदं आली की सावध व्हा. ती कामं कधीच पूर्ण होत नाहीत, कारण पूर्ण झाल्याची खूण त्यांत नसते. वरच्या उदाहरणात 'फॉर्म बघणे' चं 'यादी टीमला पाठवणे' झालं, ते यासाठीच. यादी आली तर काम झालं, नाही आली तर नाही. वाद घालायला जागा उरत नाही.

मुदत म्हणजे तारीख, वर्षासकट. 'पुढच्या आठवड्यात' हे शब्द लिहिले त्या दिवशीच खरे असतात, आणि 'लवकरात लवकर' ही मुदतच नव्हे. 06/07/2025 असंही लिहू नका, कुणी ती 6 जुलै वाचेल, कुणी 7 जून. एक अडचण खरी आहे: कधीकधी तारीख दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असते, म्हणजे 'कोटेशन आल्यावर तीन दिवसांत'. अशा वेळी कामाचे दोन तुकडे करा. कोटेशन मिळवण्याची तारीख आजच पक्की करा. दुसऱ्या कामाला मुदतीच्या जागी 'का-050 नंतर 3 दिवस' लिहा आणि का-050 पूर्ण झालं की तिथे खरी तारीख घाला.

आता सापडण्याचा मुद्दा, ज्यासाठी तुम्ही विचारलंय. वरच्या ओळींतले क्रमांक दर मीटिंगला 1 पासून सुरू होत नाहीत, सलग पुढे चालतात. तसं नसेल तर 'काम क्रमांक 3' नावाची दहा कामं दहा फायलींत होतील. क्रमांक तीन अंकी ठेवा. 'का-4' शोधलं तर का-40 पासून का-49 पर्यंत सगळं समोर येतं, 'का-004' ला ती भानगड नाही. अंक सगळीकडे एकाच लिपीतले वापरा, कारण बऱ्याच प्रोग्रॅममध्ये Ctrl+F ला 41 दिल्यावर ४१ सापडत नाही. विषयांच्या नावांचंही तेच. एकदा 'वेबसाइट', एकदा 'साईट', एकदा 'संकेतस्थळ' असं लिहिलंत तर तीनदा शोधावं लागेल. मी विषयांची ठरलेली नावं एका कागदावर लिहून ठेवतो. जरा कंटाळवाणं आहे, पण उपयोगी पडतं.

याच्या जोडीला एक स्प्रेडशीट लागते, दोन पानांची. एका पानावर सगळे निर्णय, दुसऱ्यावर सगळी कामं. मिनिट्स पाठवल्या की त्यातल्या ओळी तिथे चिकटवायच्या. मिनिट्सची फाइल टीमनं मान्य केल्यावर बदलायची नाही, त्या दिवशी काय झालं याची ती नोंद आहे. बदलते ती स्प्रेडशीट. समीरनं मुदत 24 जूनपर्यंत वाढवून घेतली तर जुनी तारीख पुसू नका, शेजारी 'नवी मुदत' असा रकाना ठेवा. एखादं काम तिसऱ्यांदा पुढे जातंय हे त्यामुळेच दिसतं, आणि बहुतेकदा तिथे माणूस आळशी नसतो, कामच चुकीचं आखलेलं असतं. तारखांचा रकाना खऱ्या तारखेच्या फॉरमॅटमध्ये ठेवा, नुसता मजकूर असेल तर मुदतीप्रमाणे क्रम लावता येणार नाही.

निर्णयांच्या पानावर 'स्थिती' हा रकाना विसरू नका: लागू, किंवा कोणत्या क्रमांकानं बदलला. समजा 24 जूनला ठरलं की साइट 15 जुलैला बंद करायची. तो निर्णय नि-027. त्याच्या ओळीत 'नि-023 च्या जागी' लिहायचं, आणि नि-023 समोर 'नि-027 नं बदलला'. दोन्हीकडे लिहायचं, कारण पुढे कुणाच्या हाती यातली कोणती ओळ आधी लागेल ते सांगता येत नाही. ही नोंद नसली की दोन माणसं दोन वेगवेगळ्या मिनिट्स दाखवून भांडतात आणि दोघंही खरी असतात.

हे सगळं रोजच्या टीम मीटिंगसाठी आहे. संचालक मंडळ किंवा नोंदणीकृत संस्थेच्या सभांच्या इतिवृत्ताला कायद्याचे आणि उपविधींचे स्वतःचे नियम असतात, तिथे आधी ते पाहा.

जुन्या फायलींचं काय, असं मनात आलं असेल. त्या पुन्हा लिहित बसू नका. गेल्या काही महिन्यांच्या मिनिट्स एकदा चाळा, आजही लागू असलेले निर्णय आणि अजून उघडी असलेली कामं तेवढी उचलून स्प्रेडशीटमध्ये टाका, शेजारी मूळ मीटिंगची तारीख लिहा. पुढच्या मंगळवारी ही यादी टीमपुढे ठेवा. त्यातली काही कामं कुणालाच नको असतील. ती 'रद्द' म्हणून तिथल्या तिथे बंद करा आणि नवा क्रमांक पुढच्या ओळीपासून सुरू करा.