बॅरल म्हणजे १५९ लिटर. २०० नाही, १९१ तर नाहीच नाही.

प्रश्न: क्रूड ८० डॉलर बॅरल असेल तर लिटरला किती पडतं? कोणी २०० ने भागतं, कोणी १५९ ने. नक्की कशाने भागायचं? आणि त्यावरून पेट्रोलचा भाव काढता येतो का?

१५९ ने. अगदी काटेकोर हवं असेल तर १५८.९८७ ने. ८० भागिले १५९ म्हणजे ०.५०३ डॉलर, अर्धा डॉलर धरा. त्याच दिवसाच्या विनिमय दराने गुणलं की तुमच्या चलनात लिटरचा भाव आला. हिशेब एवढाच आहे.

पण २०० चा आकडा दिसला आणि माझं डोकं फिरलं, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

मी एका वाहतूक कंपनीत हिशेब बघायचो. एका मोठ्या क्लायंटबरोबरच्या करारात फ्यूल सरचार्जचं कलम होतं, ब्रेंट क्रूड ७० डॉलरच्या वर गेलं की प्रत्येक लिटरमागे जी वाढ होईल ती आम्ही जाळलेल्या डिझेलच्या लिटरने गुणून आम्हाला मिळणार. कलम लिहिणाऱ्याने बॅरलचे लिटर किती ते लिहिलंच नव्हतं, कारण त्याला वाटलं असणार की हे काय लिहायचं. वर्षाची सरासरी ९० निघाली. २० डॉलर वाढ, भागिले १५९, लिटरला १२.६ सेंट. डिझेल १० लाख लिटर. बिल झालं साधारण १ लाख २५ हजार ८०० डॉलरचं. क्लायंटच्या परचेसवाल्या साहेबांनी ते परत पाठवलं, वर लाल पेनाने लिहिलं होतं "२० / २०० = १० सेंट". म्हणजे बरोब्बर १ लाख, आणि पावणेसव्वीस हजार डॉलर गायब.

मी भेटायला गेलो तर ते मला खिडकीपाशी घेऊन गेले आणि यार्डातलं निळं पिंप दाखवलं. "हे बघा बॅरल. किती लिटरचं असतं? दोनशे." मी खाली जाऊन त्या पिंपावरचं लेबल वाचून आलो. ते वंगणाचं पिंप होतं आणि लेबलवर छापलं होतं २०८ लिटर. म्हणजे ज्या पिंपाच्या जोरावर माझं बिल कापलं ते पिंपसुद्धा २०० चं नव्हतं! ते पिंप ५५ अमेरिकन गॅलनचं असतं, आणि क्रूडच्या बॅरलशी त्याचा काही संबंध नाही. क्रूडचा बॅरल ४२ अमेरिकन गॅलनचा, १८६० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात तेल लाकडी पिंपांतून जायचं तेव्हा तो आकडा ठरला आणि तेव्हापासून तोच चालू आहे. आज क्रूड जहाजातून आणि पाइपलाइनमधून जातं, पिंपात कोणी भरत नाही. बॅरल आता फक्त मोजायचं माप राहिलंय.

साहेब गप्प बसणारे नव्हते. ४२ गॅलन मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी नवा आकडा घेऊन आले, ४२ गुणिले ४.५४६, म्हणजे १९१ लिटर. "शाळेत गॅलन म्हणजे साडेचार लिटर शिकलोय आम्ही." बरोबर शिकलात हो, पण तो ब्रिटिश गॅलन. तेलाचा गॅलन अमेरिकन, २३१ घन इंचाचा, ३.७८५ लिटरचा. ४२ गुणिले ३.७८५ करा, १५८.९७ येतात, पुढचे दशांश धरले की १५८.९८७. ही चूक २०० पेक्षा वाईट, कारण ती हुशार दिसते, गुणाकार करून आलेली असते, त्यामुळे समोरचा तपासत नाही. ओळखायची सोपी खूण सांगतो. १०० डॉलरच्या क्रूडचा लिटर ६३ सेंट यायला हवा. ५० आला तर कोणीतरी पिंपाने भागलंय, ५२ आला तर ब्रिटिश गॅलनने.

शेवटी त्यांनी फरकाचे निम्मे दिले, "गुडविल म्हणून". गुडविल कसलं, आमचेच पैसे होते ते.

आता पेट्रोलचं. थेट नाही काढता येत. लोक दोन चुका करतात. पहिली म्हणजे बॅरलमधून निम्मंच पेट्रोल निघतं म्हणून लिटरचा भाव दुप्पट धरायचा. अहो, उरलेलं काय गटारात ओततात का? त्याचं डिझेल होतं, विमानाचं इंधन होतं, ते पण विकलं जातं. उलट रिफायनरीत क्रूड फोडलं की आकारमान थोडं वाढतं, अमेरिकन रिफायनऱ्यांत ४२ गॅलनमधून साधारण ४५ गॅलन माल निघतो.

दुसरी चूक टक्केवारीची, आणि साहेबांचंही पुढचं आर्ग्युमेंट हेच होतं. क्रूड ८० वरून ६० वर आलं, २५ टक्के उतरलं, मग पंपावरचा भावही २५ टक्के उतरला पाहिजे. का म्हणून? २० डॉलर उतरले म्हणजे लिटरमागे १२.६ सेंट उतरले. पंपावर समजा लिटर १.६० डॉलरला असेल, तर बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं तरी भाव आठेक टक्केच उतरेल, कारण कर, रिफायनिंग, वाहतूक, कमिशन हे क्रूडबरोबर उतरत नाहीत (काही ठिकाणी कर किमतीच्या टक्क्यात असतो तेवढा भाग उतरतो). म्हणून टक्के विसरा, बॅरलमागे १० डॉलर म्हणजे लिटरमागे ६.३ सेंट एवढं डोक्यात ठेवा आणि तेच तुमच्या चलनात करून घ्या. फक्त चलनही हललं असेल तर जुना भाव जुन्या दराने आणि नवा भाव नव्या दराने वेगवेगळा काढा, मग वजाबाकी करा. क्रूड उतरलं आणि डॉलर महागला तर फायद्याचा काही भाग तिथेच जातो.

आणि हो, खरं सांगायचं तर आमचं कलमच अर्धवट होतं. डिझेल जाळणाऱ्याने डिझेलच्या भावाशी करार बांधावा, क्रूडशी नाही. २०२२ मध्ये क्रूड वाढलं त्याच्यापेक्षा डिझेल किती तरी जास्त उसळलं, तेव्हा १५९ ने भागून काय नि २०० ने काय, खिशातूनच गेले असते. तरी क्रूडशीच बांधायचं असेल तर करारात "१ बॅरल = १५८.९८७ लिटर" हे छापूनच घ्या, आणि भाव ब्रेंटचा की दुसरा कुठला, त्या दिवसाचा की महिन्याच्या सरासरीचा, तेही.

एक राहिलंच. बॅरलचं माप ६० अंश फॅरनहाइटचं, म्हणजे साधारण साडेपंधरा सेल्सियस. टाकीतलं क्रूड ३५ अंशांवर असेल तर ते दीड-पावणेदोन टक्के फुगलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्ष माल मोजून घेत असाल तर आधी तापमानाची दुरुस्ती करा, मग भागा. नुसता भाव काढायचा असेल तर याची गरज नाही. भाव टनात दिला असेल तर मात्र घनता विचारल्याशिवाय हात लावू नका, ०.८६ घनतेच्या क्रूडचे टनाला ७.३ बॅरल होतात, जड क्रूडचे त्याहून कमी.