पत्त्याच्या शेवटी .ca आहे म्हणजे मालक कॅनडात आहे का?

एका दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता .ca ने संपतो. मग मालक नक्की कॅनडातच असेल ना?

नक्की नाही. त्या .ca वरून एवढंच कळतं की वेबसाइटचं नाव नोंदवताना मालकाने कॅनडाशी काहीतरी कायदेशीर नातं दाखवलं असावं. .ca चा कारभार बघणारी सीरा ही संस्था तशी अटच घालते. पण ही अट राहण्याच्या जागेची नाही. कॅनडाचा नागरिक जगात कुठेही राहत असला तरी त्याला .ca मिळतं. परदेशी कंपनीलाही मिळू शकतं, फक्त तिचा ट्रेडमार्क कॅनडात नोंदलेला हवा आणि वेबसाइटच्या नावात तो शब्द यायला हवा.

तरी .ca कडक म्हणायचं. तुवालू या छोट्या बेटदेशाचं .tv कोणीही, कुठूनही विकत घेतं. त्यावरून मालकाबद्दल काहीच कळत नाही.

सर्व्हर कुठे आहे हेही शोधत बसू नका, तो बहुधा भाड्याचा असतो. वेबसाइटचं नाव कोणी घेतलंय हे सांगणाऱ्या व्हूइज नोंदीत खासगी व्यक्तीचा पत्ता सहसा झाकलेला असतो. पैसे द्यायचे असतील तर साइटवर कंपनीचं नोंदणीकृत नाव शोधा आणि ते त्या देशाच्या सरकारी कंपनी नोंदणीत तपासा.