हुद्दा सोडून अर्ज करताना

पुणे, रविवार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कव्हर लेटरचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. क्वालिटी हेडचं पद सोडून पुन्हा सीनियर क्वालिटी इंजिनिअर म्हणून काम करायचं, हे तू ठरवलं आहेस. त्यामागे वर्षभराचा विचार आहे हे मला माहीत आहे, म्हणून त्यावर आता बोलत नाही. पण मसुद्यात तू माफी मागितल्यासारखं लिहिलं आहेस. पहिलंच वाक्य असं आहे: ‘या पदासाठी माझा अनुभव जास्त आहे याची मला जाणीव आहे, तरीही माझ्या अर्जाचा विचार व्हावा ही विनंती.’ अगं, समोरच्यानं अजून तुझं नावही नीट वाचलेलं नाही, आणि अर्ज बाजूला ठेवायचं कारण तूच त्याच्या हातात देते आहेस.

सव्वीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो, त्यामुळे तिथं काय चालतं ते सांगतो. जाहिरातीत पाच ते आठ वर्षांचा अनुभव मागितला आहे. तुझी बारा झाली, हाताखाली अठरा माणसं. एचआरच्या मनात पहिला प्रश्न येतो, हिला हे काम कशाला हवंय? मग शंका सुरू होतात. आधीच्या कंपनीनं काढलं असेल का? मोठ्या पदाची नोकरी मिळेपर्यंत इथे थांबेल आणि जाईल का? पगाराचं कसं जमायचं? आणि एक शंका कुणी बोलून दाखवत नाही. ज्याच्या हाताखाली तू काम करणार तो क्वालिटी मॅनेजर तुझ्याच वयाचा, कदाचित लहानही असेल. ही उद्या माझ्याच कामात चुका काढत बसेल, असं त्याला वाटतं. या शंका कुणी तुला फोन करून विचारणार नाही. त्यांची उत्तरं पत्रातच द्यावी लागतात.

माझी एक चूक सांगतो. एका मॅनेजरला मी इंजिनिअरच्या जागेवर घेतलं होतं. ‘नव्या आव्हानांच्या शोधात आहे’ एवढंच त्यानं लिहिलं होतं. खरं कारण मी विचारलं नाही, कारण कमी पगारात जास्त अनुभव मिळतोय याचा मलाच मोह पडला होता. पाच महिन्यांत त्याला मॅनेजरची जागा मिळाली आणि तो गेला. नव्या पार्टच्या मंजुरीसाठी ग्राहकाला पीपीएपीची फाइल द्यायची होती, ती अर्धवट राहिली. त्यानंतर कित्येक वर्षं असे अर्ज मी न वाचताच बाजूला ठेवत होतो. त्यात चांगली माणसं नक्कीच गेली असतील, याचं मला आजही वाईट वाटतं. तुझं पत्र वाचणारा माणूसही असाच एकदा पोळलेला असेल असं धरून लिही.

आता कारणाकडे येतो, कारण पत्र तिथेच उभं राहतं किंवा पडतं. तू लिहिलं आहेस, ‘वर्क-लाइफ बॅलन्स हवा आहे आणि मॅनेजरच्या कामाचा ताण नको आहे.’ हे खोटं नाही. पण वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की हिला काम कमी हवंय. तू कशापासून दूर जाते आहेस ते यात आहे, कशाकडे जाते आहेस ते नाही. आणि ते तर तू मला स्वतः सांगितलं होतंस.

आठव, मागच्या पावसाळ्यात तुमच्या हाउसिंगच्या बोअरचं रिजेक्शन वाढलं होतं. मशिनिंगवाले म्हणत होते पार्ट बरोबर आहे, फायनल इन्स्पेक्शनवाले म्हणत होते मोठा आहे. तू दोन शनिवार स्वतः लाइनवर उभी राहिलीस आणि बोअर गेजचा गेज आर अँड आर काढलास, म्हणजे तोच पार्ट वेगवेगळ्या हातांनी पुन्हा पुन्हा मोजला तर रीडिंग किती बदलतं ते तपासलंस. दहा पार्ट, तीन ऑपरेटर, प्रत्येकाची तीन रीडिंग, म्हणजे नव्वद रीडिंग तू हातानं लिहून घेतलीस. उत्तर चौतीस टक्के आलं. तीसच्या वर गेलं की मोजण्याची पद्धतच भरवशाची नसते, हे तू त्यांना दाखवलंस. मग कारण शोधलंस. बोअरला थोडा टेपर होता, खोलीप्रमाणे त्याचा व्यास बदलत होता, आणि गेज किती खोल उतरवायचा हे प्रत्येक ऑपरेटर आपापल्या अंदाजानं ठरवत होता. तू गेजवर डेप्थ स्टॉप बसवून घेतलास आणि पुन्हा मोजलंस, तेव्हा बारा टक्के आलं. मला फोन केलास तेव्हा तुझ्या आवाजात जो आनंद होता, तो गेल्या तीन वर्षांत मी ऐकला नव्हता. ‘सर, बाकीचा आठवडा मी फक्त मीटिंगा केल्या, काम हे दोन दिवस केलं,’ असं तू म्हणाली होतीस.

पत्राचं कारण ते आहे. ते प्रसंगासकट लिही. मोजमाप आणि प्रोसेसचं काम तुला आवडतं, असं नुसतं लिहिलंस तर कुणी विश्वास ठेवणार नाही. हेड असताना सुट्टीच्या दिवशी नव्वद रीडिंग घेणारी बाई मात्र त्यांच्या लक्षात राहील. शिवाय त्या जाहिरातीत एमएसए आणि एसपीसीचं, म्हणजे मोजमाप तपासण्याचं आणि प्रोसेसवर आकड्यांनी लक्ष ठेवण्याचं काम मागितलंच आहे, त्यामुळे तुझा प्रसंग थेट त्यांच्या गरजेला लागू पडतो.

बाबांच्या डायलिसिसबद्दल लिहावं का, असं तू विचारलं आहेस. माझं मत असं आहे की घरची गोष्ट कामाच्या वेळेवर परिणाम करणार असेल तर एका वाक्यात सांगावी, नसेल तर सांगू नये. तुला आठवड्यातून तीन संध्याकाळी सात वाजेपर्यंत घरी पोचावं लागतं आणि ग्राहकाकडे मुक्कामाचा दौरा जमणार नाही. हे दुसऱ्या महिन्यात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. मात्र आजाराचं नाव, हॉस्पिटल, हाल यातलं काही लिहू नकोस. सहानुभूतीवर मिळालेली नोकरी पहिल्याच रिजेक्शनला अवघड होऊन बसते.

पगाराबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस, आणि तिथेच सगळ्यात जास्त अर्ज अडकतात. ऑनलाइन फॉर्ममध्ये सध्याचा सीटीसी विचारतील, तिथे खराच आकडा टाक. पुढे तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागतातच. पत्रात आकडा नको. या पदासाठी ठरलेली पगारश्रेणी मान्य आहे आणि घरचा हिशेब करून मगच अर्ज करते आहे, एवढं पुरे. ‘पगार महत्त्वाचा नाही’ असं कधीही लिहू नकोस. ते कुणालाच खरं वाटत नाही.

किती दिवस राहशील, हेही सांग, पण कायमची शपथ घालू नकोस. पुन्हा कधीच मॅनेजर व्हायचं नाही, असं तुला आज तरी खात्रीनं म्हणता येत नाही, मग लिहूही नकोस. पुढची किमान चार वर्षं याच प्रकारचं काम करायचं आहे, हे खरं आहे, तेवढंच लिही.

एका मैत्रिणीनं तुला रेझ्युमेमधून ‘हेड’ शब्द काढून टाकायला सांगितला आहे. ते अजिबात करू नकोस. रिलीव्हिंग लेटरवर हुद्दा छापलेला असतो, आणि तपासणीत फरक दिसला की प्रश्न तुझ्या अनुभवाचा राहत नाही, खरेपणाचा होतो. हुद्दा तसाच ठेव, फक्त त्याखालच्या ओळी बदल. बजेट, अठरा माणसं, ऑडिटची तयारी एका ओळीत गुंडाळ आणि हातानं केलेली कामं वर आण.

पत्र तू इंग्रजीत पाठवशील. आशय मी मराठीत मांडतो, शब्द तुझे घाल:

‘आपल्या मशिनिंग लाइनसाठी सीनियर क्वालिटी इंजिनिअरची जागा आहे, तिच्यासाठी हा अर्ज. गेल्या वर्षी आमच्या ॲल्युमिनियम हाउसिंगच्या बोअरवर रिजेक्शन वाढलं, तेव्हा मी स्वतः गेज आर अँड आर केला. तो ३४ टक्के होता. गेजला डेप्थ स्टॉप बसवल्यावर १२ टक्क्यांवर आला आणि दोन विभागांमधला वाद मिटला.

मी सध्या क्वालिटी हेड आहे. चार वर्षं हे पद सांभाळल्यावर मला स्पष्ट झालं आहे की माझं चांगलं काम लाइनवर, मोजमापात आणि प्रोसेस सुधारण्यात होतं. म्हणून विचारपूर्वक इंजिनिअरच्या पदासाठी अर्ज करते आहे आणि पुढची किमान चार वर्षं हेच काम करण्याचा माझा बेत आहे. सध्याच्या कंपनीत मी नोकरीवर आहे. नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे.

गेल्या वर्षी ग्राहकाच्या एका तक्रारीचं मूळ कारण ८डी पद्धतीनं शोधणाऱ्या टीमचे प्रमुख माझ्यापेक्षा पाच वर्षांनी कनिष्ठ होते. त्या टीममध्ये मोजमापाची जबाबदारी माझ्याकडे होती आणि निर्णय त्यांचे होते. अशा पद्धतीनं काम करणं मला जमतं आणि आवडतं.

या पदाची पगारश्रेणी मला मान्य आहे. घरचा हिशेब करूनच अर्ज केला आहे. कौटुंबिक जबाबदारीमुळे जनरल शिफ्ट सोयीची पडेल आणि मुक्कामाचे दौरे शक्य नाहीत, हे आधीच नमूद करते.’

एवढंच. एका पानाच्या आत बसतं. आधीच्या साहेबांबद्दल त्यात एक शब्दही नाही, हे बघून ठेव. तुझी त्यांच्यावरची नाराजी रास्त आहे, पण त्या पत्रात तिला जागा नाही.

८डीच्या परिच्छेदावर मी मुद्दाम वेळ घालवला. ‘मला अहंकार नाही’ असं लिहिलं असतं तर त्या क्वालिटी मॅनेजरला ते नुसतं बोलणं वाटलं असतं. तू कुणाच्या तरी हाताखाली नीट काम केलंस ही घटना त्याला तपासता येते. मुलाखतीत तो विचारेल, त्या प्रमुखाचा एखादा निर्णय तुम्हाला पटला नव्हता का? तेव्हा खरं उत्तर तयार ठेव. तुला आठवतं, गळती तपासणीचे नमुने किती घ्यायचे यावर तुमचं जमलं नव्हतं. तू आपलं म्हणणं एकदा मांडलंस आणि मग त्याच्या संख्येनं काम केलंस. तेच सांग.

पाठवण्याचं म्हणशील तर जॉब पोर्टलवर अर्ज कर, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. तिथे अनुभवाच्या वर्षांची चाळणी लावलेली असते आणि बारा वर्षं पाच ते आठच्या चाळणीत बसत नाहीत. पत्र कुणी उघडणारही नाही. त्या कंपनीच्या क्वालिटी मॅनेजरपर्यंत मेल पोचेल असं बघ. तुमचे कॅलिब्रेशन लॅबवाले दोन्हीकडे जातात, त्यांना नाव विचारता येईल. मेलच्या विषयात पदाचं नाव आणि ‘गेज आर अँड आर’ दोन्ही घाल. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण कर. काही कंपन्यांत ग्रेडचे नियम असे असतात की हेडला इंजिनिअरच्या ग्रेडमध्ये घेताच येत नाही. तसं उत्तर आलं तर पत्रात चूक शोधत बसू नकोस, पुढच्या कंपनीला लिही.

गुरुवारपर्यंत नवा मसुदा पाठव. आणि रेझ्युमेही सोबत जोड, त्यातली हेडपदाची चार वर्षं आणि पत्रातली चार वर्षं जुळतात का ते मी बघतो. तुझ्या जुन्या मसुद्यात एकीकडे चार आणि एकीकडे साडेतीन लिहिलं होतं.

बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
सर