दुकानदाराचं 'अओरिता'

प्रश्न: मेक्सिकोत दुकानदार 'अओरिता' म्हणाला तर थांबायचं की निघायचं?

तो लगेच हातातलं काम सोडून उठला तर थांबा, जागचा हलला नाही तर 'कोमो आ के ओरा?' म्हणजे 'साधारण किती वाजता?' असं विचारा. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात तीन वर्षं सामान आणतोय, त्यावरून सांगतो. स्पॅनिशमध्ये 'अओरा' म्हणजे आत्ता. त्याला लाडिक 'इता' जोडला की शब्द गोड होतो आणि वेळ सैल. आपलं 'हा काय, आलोच!' तसंच. उत्तरात ठरावीक वेळ आली तर परत या. पुन्हा 'अओरिता'च आलं तर दुसरं दुकान गाठा. फेरीवाल्याला 'अओरिता नो, ग्रासियास' म्हटलं की तो सभ्य नकार, नंतर घेईन असं वचन नव्हे. हे मेक्सिकोपुरतं, प्वेर्तो रिकोत 'अओरिता' म्हणजे बहुधा 'नंतर'च.