काकूंनी ओळख करून दिली, आता सरांना पहिला मेल काय लिहू?

"मॅडम, मी एम.एससी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा प्रोजेक्ट सर्व्हायव्हल ॲनालिसिसवर आहे, सगळं आर या सॉफ्टवेअरमध्ये करतेय. आईच्या ऑफिसमधल्या काकूंनी एका सरांशी मेलवर माझी ओळख करून दिलीये, ते औषधांच्या क्लिनिकल ट्रायलच्या डेटावर काम करतात. मेल आम्हा दोघांनाही एकत्रच आलाय. मला कळतच नाहीये की आधी स्टॅटिस्टिकल प्रोग्रामर व्हावं की बायोस्टॅटिस्टिशियनच्या जॉबसाठीच थांबावं. पण सरांना लिहायचं कसं? तीन दिवस नुसतं लिहितेय आणि खोडतेय. काकूंना थँक्यू वेगळं म्हणायचं की त्याच मेलमध्ये? सीव्ही जोडू का? माझा ड्राफ्ट असा आहे:

'रिस्पेक्टेड सर, आपण मजेत असाल अशी आशा आहे. मला डेटा सायन्समध्ये खूप इंटरेस्ट आहे. मी हार्डवर्किंग आणि क्विक लर्नर आहे. आपल्या कंपनीत काही ओपनिंग असेल तर प्लीज कळवा. सीव्ही जोडला आहे. आपलं मार्गदर्शन मिळालं तर खूप उपकार होतील.'"

अगं, गंमत बघ, मला लिहिलेल्या पत्रात तू प्रोजेक्ट काय, तो कशात करतेस, अडलंय कुठे हे सगळं चार ओळीत सांगितलंस, आणि सरांच्या ड्राफ्टमध्ये यातलं एक अक्षर नाही! तिथे आलं काय तर हार्डवर्किंग आणि क्विक लर्नर. हा मेल कोणीही कोणालाही पाठवू शकतं, खालचं नाव बदललं की झालं. सरांनी तो वाचला तरी उत्तर कशाचं द्यायचं? प्रश्नच नाहीये त्यात. "मार्गदर्शन मिळालं तर" हा काही प्रश्न नाही, आणि "ओपनिंग असेल तर" याला "सध्या नाही, कळवतो" एवढंच उत्तर असतं, तिथे बोलणं संपलं.

ड्राफ्टकडे परत येते, आधी पाठवायचं कसं ते बघू, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

काकूंनी तुम्हा दोघांना एकत्र मेल केलाय ना, मग त्याच मेलवर रिप्लाय ऑल करायचं. नवीन मेल सुरू करू नकोस आणि सब्जेक्टलाही हात लावू नकोस, म्हणजे काकूंनी लिहिलेलं खाली तसंच राहतं आणि सरांना ही कोण मुलगी हे शोधत बसावं लागत नाही. आता इथे एक खड्डा आहे. तू नुसतं रिप्लाय दाबलंस तर मेल फक्त काकूंना जातो, कारण पाठवणाऱ्या त्या आहेत. मी एकदा अशीच एका मुलाची ओळख करून दिली होती, पठ्ठ्याने छान मेल लिहिला, नमस्कार सर वगैरे, आणि तो आला माझ्या इनबॉक्समध्ये. मी तेव्हा बाहेर होते, दोन आठवड्यांनी बघितला, तोपर्यंत तो सगळ्यांना सांगत होता की सर उत्तरच देत नाहीत. सरांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही.

म्हणून रिप्लाय ऑल दाबल्यावर वरच्या पत्त्यांकडे बघायचंच. बहुतेक वेळा टू मध्ये काकू दिसतील, कारण मेल त्यांचा, आणि सर त्यांच्या शेजारी नाहीतर सीसीमध्ये असतील. तुला हवंय ते असं: टू मध्ये फक्त सर आणि काकू बीसीसीत. कॉम्प्युटरवर जीमेल असेल तर पत्त्यांच्या ओळीवर क्लिक कर, तिथेच उजवीकडे दिसणारं बीसीसी दाबलं की तो रकाना उघडतो, मग काकूंचं नाव उचलून बीसीसीत टाकता येतं. फोनवरून करत असशील तर काकूंचं नाव तिथून काढ आणि बीसीसीत परत टाइप कर. पाठवून झालं की सेंट मध्ये जाऊन तोच मेल उघड आणि टू मध्ये सरांचा पत्ता आहे ना ते एकदा बघ.

बीसीसी कशासाठी? काकूंना तुझा हा एक मेल दिसतो, म्हणजे पोरीने लिहिलं हे त्यांना कळतं. पण नंतर सर म्हणणार बुधवारी नाही जमत, तू म्हणणार मग गुरुवारी, ते म्हणणार सहा ऐवजी साडेसहा, ही सगळी ये-जा त्यांच्या डोक्यावर पडत नाही, कारण सरांनी रिप्लाय ऑल केलं तरी बीसीसीतल्या माणसाला ते जात नाही. मात्र काकूंना गुपचूप बीसीसीत टाकू नकोस, मेलमध्ये तसं लिही. नाहीतर काकूंना हा मेल मिळाला की नाही हे सरांना कळत नाही, आणि काकूंनी त्यावर चुकून रिप्लाय ऑल केलं तर त्या लपून वाचत होत्या असं दिसतं, उगाच ऑकवर्ड.

आता थँक्यू. दोन्हीकडे म्हणायचं, पण वेगवेगळं. मेलमध्ये पहिली एकच ओळ काकूंसाठी, ती सरांच्या देखत आहे म्हणून छोटी. आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर काकूंना वेगळा मेसेज, दोन-तीन ओळींचा, त्यांनी नेमकं काय केलं त्याबद्दल. म्हणजे असं:

"काकू, सरांना आज मेल केला. तुम्ही माझ्या प्रोजेक्टबद्दल त्यांना एवढं नीट लिहिलंत त्यामुळे मला सुरुवात करणं सोपं गेलं, खूप थँक्यू. त्यांच्याशी बोलणं झालं की तुम्हाला सांगते."

बास. याच मेसेजमध्ये "अजून कोणी ओळखीचं आहे का" हे घालायचं नाही, मुलं हे हमखास करतात आणि मग ते थँक्यू पुढच्या मागणीची प्रस्तावना होऊन बसतं. काकूंनी आपला शब्द खर्च केलाय, आणि तू लिहिलंस की नाही हे त्यांना तू सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही. तीन दिवस त्या काय विचार करत असतील? मला विचारशील तर ओळख झाल्यावर एका दिवसात लिहायला हवं होतं. आता उशीर झालाय तर अर्ध्या ओळीत सॉरी म्हण आणि पुढे जा, परीक्षा होती, नेट गेलं होतं असली कारणं नकोत, तीन दिवस म्हणजे काही गुन्हा नाही.

सरांचा मेल. तुझ्याच पत्रातलं घेऊन मी असा लिहिला असता:

"काकू, ओळख करून दिल्याबद्दल मनापासून थँक्यू. पुढच्या मेल्सचा तुम्हाला त्रास नको म्हणून तुम्हाला बीसीसीत टाकतेय.

नमस्कार सर, उत्तराला तीन दिवस लागले, सॉरी. मी एम.एससी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट सर्व्हायव्हल ॲनालिसिसवर आहे आणि काम आरमध्ये करतेय.

मला क्लिनिकल ट्रायलच्या कामात यायचंय, पण एक ठरत नाहीये. सुरुवात स्टॅटिस्टिकल प्रोग्रामर म्हणून करावी की बायोस्टॅटिस्टिशियनच्या जॉबसाठीच थांबावं? आणि प्रोग्रामर म्हणून जायचं तर आर पुरेल की आत्तापासून सॅस शिकायला लागू? तुम्ही हे काम रोज जवळून बघता म्हणून तुम्हाला विचारतेय.

यावर वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? मला बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी सहानंतर किंवा शनिवारी सकाळी जमेल, तुमच्या सोयीची दुसरी वेळ असेल तर तीही चालेल. फोन शक्य नसेल तर मेलवर दोन ओळी लिहिल्यात तरी मला खूप उपयोग होईल."

खाली नाव, कोर्स आणि फोन नंबर.

बघ, यात तुझं कौतुक करणारी एकही ओळ नाही, पण सर्व्हायव्हल ॲनालिसिस हा शब्द वाचला की त्या क्षेत्रातल्या माणसाला लगेच कळतं की हिच्याशी कुठून बोलायचं, कारण कॅन्सरच्या औषधांच्या ट्रायलमध्ये पेशंट किती काळ जगला, आजार परत कधी वाढला हे याच पद्धतीने मोजतात. आणि सॅसबद्दलचा प्रश्नही वेड्यासारखा नाहीये, या क्षेत्रात वर्षानुवर्षं सॅसवर काम चालत आलंय आणि आता आरही वाढतंय, तेव्हा दोन्ही बघितलेल्या माणसाकडे यावर सांगण्यासारखं नक्की असतं. वीस मिनिटं लिहिलंय ते मुद्दाम, "कधीतरी बोलू शकतो का" म्हटलं की समोरच्याला नेमका किती वेळ जाणार ते कळत नाही आणि मेल बाजूला पडतो. शेवटची दोन ओळींची सोय तर ठेवच, काही लोकांना फोन नको असतो पण मेलवर मात्र भरभरून लिहितात.

सीव्ही जोडायचा नाही. तू तो जोडलास की तुझ्या प्रश्नाचा अर्ज होतो, आणि अर्ज आला की सर तो भल्या मनाने एचआरला फॉरवर्ड करतात आणि त्यांच्या दृष्टीने काम झालं. तू मात्र एचआरच्या ढिगात, आणि प्रोग्रामर की बायोस्टॅटिस्टिशियन हा प्रश्न आहे तिथेच. त्यांनी मागितला तर त्याच दिवशी पीडीएफ पाठव, फाइलला स्वतःचं नाव दे, "फायनल टू न्यू" असलं काही नको. नोकरीचा विषयही त्यांनी काढला तर काढू दे, तू पहिल्या मेलमध्ये काढू नकोस.

"रिस्पेक्टेड सर", "उपकार होतील" हे काढून टाक, नमस्कार सर पुरे. काकूंनी मेल इंग्लिशमध्ये लिहिला असेल तर तूही इंग्लिशमध्येच लिही, मजकूर हाच ठेव.

उत्तर नाही आलं तर? आठवडाभर थांब. मग त्याच मेलवर दोन ओळी, "सर, मागचा मेल कदाचित राहून गेला असेल म्हणून परत लिहितेय, या आठवड्यात नाही तर पुढच्या महिन्यातही चालेल." त्यानंतर गप्प बस. काकूंना "त्यांना जरा सांगा ना" म्हणायला जाऊ नकोस, काकूंनी स्वतः विचारलं तर खरं ते सांग, पण तक्रारीच्या सुरात नको. त्यांना पुढे त्या माणसाशी बोलायचंच आहे.

आणि फोन झाला तर त्याच संध्याकाळी सरांना एक छोटा मेल आणि काकूंना मेसेज. काकूंच्या मेसेजमध्ये "छान झालं बोलणं" एवढंच नको, काय झालं ते लिही, म्हणजे "सरांनी सांगितलं आधी सॅसचा बेसिक कोर्स कर, मी सोमवारपासून सुरू करतेय" असं.

मेल आजच पाठव, आणि वर मी लिहिलेले वार जसेच्या तसे कॉपी करू नकोस हं, तुझा कॉलेजचा टाइमटेबल बघून घाल.