‘साखर’साठी क्रिप्टिक सूचक वाक्य कसं रचायचं?

शब्दकोड्यासाठी ‘साखर’ हे उत्तर ठरलंय. त्यासाठी क्रिप्टिक सूचक वाक्य, म्हणजे उत्तराची व्याख्या आणि अक्षरांचा खेळ एकत्र असलेलं वाक्य, कसं रचू?

आधी अक्षरं तपासा: सा-ख-र. उलटं वाचलं तर ‘रखसा’, अदलाबदल केली तर ‘खरसा’. कशालाच अर्थ नाही. मग उत्तर शेजारच्या दोन शब्दांत लपवायचं. एक शब्द ‘सा’ने संपणारा, दुसरा ‘खर’ने सुरू होणारा हवा. ‘कसा खरडतोस’ चालेल, पण ‘असा खरवस’ फार छान, कारण खरवसात साखर खरंच असते.

माझं वाक्य:

असा खरवस, ज्यात गोडी आणते ती (३)

‘ज्यात’ म्हणजे आत शोधा. ‘गोडी आणते ती’ ही उत्तराची व्याख्या. व्याख्या नेहमी वाक्याच्या एका टोकाला असावी, आणि एकही शब्द भरतीचा नको.

मराठीत इथे एक अडचण येते. मी आधी सहज ‘अशा खरवसात’ लिहिलं होतं. वाक्य गुळगुळीत झालं, पण सामान्यरूपाने ‘सा’चा ‘शा’ झाला आणि साखर गायब! म्हणून विभक्ती ‘ज्यात’वर ढकलली. वाक्य जमल्यावर प्रत्येक अक्षर मात्रेसकट पुन्हा मोजा.